आर स्क्वेअर ०.९९९९, तरीही उत्तर चुकलेलं: ब्रॅडफर्ड चाचणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या पदव्युत्तर विभागात मी जीवरसायनशास्त्र शिकवते. एप्रिलमधली गोष्ट आहे. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातली एक विद्यार्थिनी मोड आलेल्या ज्वारीतल्या अमायलेज या एन्झाइमवर प्रकल्प करत होती. ज्वारी मंगळवेढ्याकडची, मालदांडी. मोडाच्या प्रत्येक दिवशी एन्झाइमची विशिष्ट क्रियाशीलता किती, हे तिला काढायचं होतं. म्हणजे एन्झाइमची एकूण क्रियाशीलता भागिले नमुन्यातलं प्रथिन. भाजकच चुकला तर सगळा प्रकल्प चुकतो, म्हणून प्रथिनाचा आकडा तिच्यासाठी महत्त्वाचा होता.

अर्क साधा होता. एक ग्रॅम मोड आलेली ज्वारी १० मिलिलिटर थंड फॉस्फेट बफरमध्ये खलबत्त्यात वाटायची, सेंट्रिफ्यूज करायचं आणि वरचं निवळ पाणी घ्यायचं. ज्वारीतलं काफिरिन हे साठवणीचं मुख्य प्रथिन अल्कोहोलमध्ये विरघळतं, बफरमध्ये उतरत नाही. त्यामुळे या अर्कात दाण्यातलं सगळं प्रथिन नसतं, फक्त बफरमध्ये विरघळणारं असतं. तिला तेवढंच हवं होतं.

मोजणीसाठी ब्रॅडफर्ड पद्धत ठरली. मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी ती १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. कुमासी ब्रिलियंट ब्लू जी-२५० हा रंग आम्लात तपकिरी-लालसर असतो. प्रथिनाला, मुख्यतः त्यातल्या आर्जिनिनला, चिकटला की निळा होतो, आणि ही निळाई किती प्रकाश शोषते ते, म्हणजे ओडी, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५९५ नॅनोमीटरला मोजतात. कुमासी हा मुळात लोकर रंगवायचा रंग. लोकर प्रथिनाची, म्हणून तो तिला धरतो. सोलापूरची घोंगडी आणि सोलापूरची चादर यांच्यातला फरक विद्यार्थ्यांना सांगायला हे उदाहरण मला आवडतं: घोंगडी लोकरीची, चादर सुती. सुताला हा रंग तसा घट्ट धरत नाही. म्हणूनच ॲप्रनवरचा डाग निघतो, पण बोटांवरचा दोन दिवस जात नाही, कारण कातडीही प्रथिनाचीच.

रंगाचं द्रावण आम्ही विभागातच करतो: १०० मिलिग्रॅम रंग, ९५ टक्के इथेनॉल ५० मिलिलिटर, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल १०० मिलिलिटर, मग पाण्याने एक लिटर, आणि शेवटी व्हॉटमन नंबर एकमधून गाळणं. प्रत्येक नळीत १०० मायक्रोलिटर नमुना आणि ५ मिलिलिटर रंग.

तिची मांडणी अशी होती. स्टँडर्ड म्हणून, म्हणजे तुलनेसाठी ज्ञात प्रमाणातलं प्रथिन म्हणून, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, म्हणजे बीएसए, मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. त्यातून १०, २०, ३०, ४०, ५० आणि ६० मायक्रोलिटर वेगवेगळ्या नळ्यांत घेऊन बफरने १०० मायक्रोलिटर करायचे. एक मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. ब्लँकमध्ये नुसता बफर. अर्काचेही तीन आकारमान: १०, २० आणि ३० मायक्रोलिटर, तेही बफरने १०० केलेले. सगळं तीन-तीनदा. एकूण ३० नळ्या आणि १५० मिलिलिटर रंग.

अर्काचे तीन आकारमान घ्यायला मीच सांगितलं होतं. खरं सांगायचं तर अर्क फार दाट निघाला तर निदान एक नळी वक्राच्या आत पडावी, एवढाच माझा हेतू होता. पुढे प्रकरण उलगडलं ते याच तीन नळ्यांमुळे.

समस्या

संध्याकाळी ती वही घेऊन आली. सोबत वर्गातला एक मुलगा होता, त्याने संगणकावर आलेख काढून दिला होता. बिंदू सरळ रेषेला किती जुळतात हे सांगणारा आर स्क्वेअर चांगला आला होता, म्हणून दोघंही खूश होते.

"मॅडम, ब्लँक धरला तर आर स्क्वेअर ०.९८८ येतंय. काढला की ०.९९९९ येतंय बघा. काढू ना?"

स्पेक्ट्रो ब्लँकवरच शून्य केलेला असल्यामुळे ब्लँक हा त्यांना मोजलेला बिंदू वाटतच नव्हता. यंत्र शून्य करण्यापुरती ती एक नळी, एवढंच. पण ब्लँकही बिंदूच असतो. शून्य मायक्रोग्रॅम प्रथिन, शून्य ओडी. आणि सगळ्या बिंदूंमध्ये आपल्याला सर्वात खात्रीने ठाऊक असलेला तोच आहे, कारण त्यात बीएसए घालताना चुकायची शक्यताच नाही.

तिचे आकडे, तीन नळ्यांची सरासरी घेऊन:

| बीएसए (मायक्रोग्रॅम) | ओडी, ५९५ नॅनोमीटर |
|---|---|
| ० (ब्लँक) | ०.००० |
| १० | ०.१६५ |
| २० | ०.२५१ |
| ३० | ०.३४४ |
| ४० | ०.४३३ |
| ५० | ०.५१९ |
| ६० | ०.६०८ |

ब्लँक वगळून काढलेल्या रेषेचा उतार ०.००८८८ आणि य-अक्षावरचा छेद ०.०७६ होता. अर्काच्या नळ्यांची ओडी अनुक्रमे ०.२६३, ०.४०६ आणि ०.५४८.

हिशेब तिने बरोबर केला होता. ओडीतून छेद वजा करायचा, उताराने भागायचं, की नळीतलं प्रथिन मायक्रोग्रॅममध्ये मिळतं. त्याला घेतलेल्या अर्काच्या मायक्रोलिटरने भागलं की संहती, थेट मिलिलिटरला मिलिग्रॅममध्ये.

```
x = (A - c) / m
C = x / V
```

१० मायक्रोलिटरच्या नळीसाठी: ०.२६३ वजा ०.०७६ म्हणजे ०.१८७. त्याला ०.००८८८ ने भागलं की २१.१ मायक्रोग्रॅम. भागिले १०, म्हणजे २.११. याच पद्धतीने २० मायक्रोलिटरच्या नळीतून १.८६ आणि ३० च्या नळीतून १.७७ आलं. तिघांची सरासरी १.९१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि ती वहीत लाल चौकटीत लिहिलेली होती.

मी त्या चौकटीकडे न पाहता वरच्या तीन आकड्यांकडे पाहत राहिले. अर्क एकाच बाटलीतला. जास्त घेतला तर नळीत प्रथिन जास्त येईल, पण संहती का बदलेल? आणि बदल इकडेतिकडे विखुरलेला नव्हता, २.११, १.८६, १.७७ असा एकाच दिशेने उतरत होता. तीन-तीन नळ्यांतला आपापसातला फरक मात्र नगण्य होता. हाताच्या थरथरीने असं होत नाही.

काय असू शकेल

त्या संध्याकाळी आम्ही तिघं फळ्यापाशी उभे राहून शक्यता काढत बसलो. उत्तर माहीत असल्यासारखं मी काही बोलले नाही, कारण मलाही ते लगेच दिसलं नव्हतं.

पहिली शक्यता तिनेच मांडली: ब्रॅडफर्डचा वक्र मुळात सरळ नसतोच. हे खरं आहे. प्रथिन वाढत जातं तसा मोकळा रंग कमी होतो आणि रेषा वर जाता जाता आडवी होऊ लागते. अशा वक्रावर सरळ रेषा बसवली की छेद धन येतोच. पण मग वाकणं हळूहळू दिसायला हवं. आम्ही शेजारच्या बिंदूंमधले फरक काढले. १० ते २० मध्ये ०.०८६, पुढे ०.०९३, ०.०८९, ०.०८६, ०.०८९. सहाही बिंदू दोरी ताणावी तसे सरळ. पण ब्लँकपासून १० पर्यंतची उडी ०.१६५, म्हणजे जवळपास दुप्पट. वक्र असा एका पायरीत वाकून पुढे सरळ होत नाही. ही शक्यता आम्ही सोडली.

दुसरी शक्यता बफरची. बफरमध्ये डिटर्जंटसारखं काही असेल तर त्यानेही रंग निळा होतो. भांडी धुतलेल्या साबणाचा अंश राहिला तरी ब्रॅडफर्डमध्ये तो दिसतो. पण ब्लँकमध्येही तोच बफर होता, आणि तोही पूर्ण १०० मायक्रोलिटर. शिवाय स्टँडर्डमध्ये बीएसए वाढतं तसा बफर ९० वरून ४० वर येतो, मग त्याचा परिणाम सहाही बिंदूंवर सारखा राहिला नसता. तरी खात्रीसाठी एक नळी पाण्याची आणि एक बफरची करून पाहिली. दोघींत ०.००२ चा फरक. बफर निर्दोष.

तिसरी शक्यता अर्कातल्या एखाद्या घटकाची. लाल ज्वारीच्या काही वाणांत टॅनिन असतात आणि ती प्रथिनाच्या मोजणीत लुडबुड करतात. मालदांडी पांढऱ्या दाण्याची आहे. पण त्याहून मोठा मुद्दा असा की अर्कात काही असतं तर ते अर्काच्या आकारमानाबरोबरच वाढलं असतं. दुप्पट अर्क, दुप्पट लुडबुड. मग तिन्ही नळ्यांतून साधारण एकच, पण चुकीची, संहती आली असती. आणि स्टँडर्डच्या रेषेत तर अर्क नव्हताच, तरी तिथे छेद होता.

चौथी शक्यता बीएसएच्या द्रावणाची. पावडर वजन करताना चुकली असेल तर? तसं असेल तर सगळे बिंदू एकाच पटीत वर किंवा खाली सरकतील. उतार बदलेल, पण रेषा शून्यातूनच जाईल. वक्राकडे पाहून ही चूक कधीच कळत नाही, म्हणून ती वेगळी तपासावी लागते. मिलिलिटरला एक मिलिग्रॅम बीएसएची २८० नॅनोमीटरवर एक सेंटिमीटरच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये ओडी साधारण ०.६७ येते. तिच्या द्रावणाची ०.६६ आली. द्रावण ठीक.

एवढ्यावर तो मुलगा म्हणाला, "मग सगळ्या नळ्यांत थोडं थोडं जास्तच गेलंय की, मॅडम."

तिथे गाडी रुळावर आली. रेषा मागे वाढवली तर क्ष-अक्षाला कुठे छेदते? ०.०७६ भागिले ०.००८८८, म्हणजे उणे ८.५ च्या आसपास. याचा अर्थ प्रत्येक स्टँडर्ड नळीत लिहिल्यापेक्षा साडेआठ मायक्रोग्रॅम, म्हणजेच साडेआठ मायक्रोलिटर, बीएसए जास्त असावं. १० च्या नळीत १८.५, ६० च्या नळीत ६८.५. ब्लँकमध्ये बीएसए घातलंच नव्हतं, म्हणून तो एकटा आपल्या जागी राहिला आणि बाकीचे सहा त्याला सोडून एकत्र सरकले.

निर्णयाची जागा

रंगाचं द्रावण २०० मिलिलिटर उरलं होतं, म्हणजे पूर्ण चाचणी एकदाच. पुढची करायची तर नवीन द्रावण करून गाळायला हवं. प्रबंध द्यायला चार दिवस होते. म्हणून पुढे काय करायचं हे नीट ठरवावं लागलं.

ब्लँक वगळून १.९१ लिहून टाकणं सर्वात सोपं होतं. आर स्क्वेअर पाहून परीक्षकाने काही विचारलं नसतं.

दुसरा मार्ग रेषा जबरदस्तीने शून्यातून नेण्याचा. पुष्कळ ठिकाणी हे नियम म्हणून शिकवतात. आम्ही करून पाहिलं. उतार ०.०१०६३ झाला आणि अर्काचे आकडे २.४७, १.९१, १.७२ आले. दरी आणखी रुंदावली. चुकलेले बिंदू बरोबर शून्यातून जाणाऱ्या रेषेने सुधारत नाहीत, रेषाच तिरकी होते.

तिसरा मार्ग हिशेबाने दुरुस्ती करण्याचा. प्रत्येक नळीत ८.५ जास्त गेलं असेल तर अर्कही तसाच जास्त गेला असणार, १० ऐवजी १८.५, २० ऐवजी २८.५, ३० ऐवजी ३८.५. आणि रेषा शून्यातून ०.००८९ उताराची धरायची. पहिल्या नळीत ०.२६३ भागिले ०.००८९ म्हणजे २९.६ मायक्रोग्रॅम, भागिले १८.५ म्हणजे १.६०. दुसऱ्या नळीतून १.६०, तिसरीतूनही १.६०. तिन्ही आकडे एका जागी येऊन बसले तेव्हा विद्यार्थिनी फळ्याकडे बघतच राहिली.

याने निदान पक्कं झालं. पण हा आकडा प्रबंधात घालायला मी नाही म्हटलं. ८.५ हा आकडा आम्ही ज्या रेषेतून काढला, तीच रेषा त्याच आकड्याने दुरुस्त करत होतो. गृहीत बरोबर असेल तर उत्तर बरोबर, पण ते प्रत्यक्ष मोजलेलं नव्हतं. आणि कारण न शोधता तोच प्रयोग पुन्हा केला असता तर उरलेला रंगही त्याच चुकीत गेला असता.

म्हणून ठरलं: आधी पिपेट आणि हात, मग रंग.

काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच प्रयोगशाळा उघडली. सोलापुरात एप्रिलमध्ये दुपारी खोलीत ३५ अंशांच्या पुढे जातं, आणि मायक्रोलिटरचा थेंब तराजूवर उडून जाताना दिसतो. वजनाची तपासणी सकाळीच करायची.

पद्धत साधी आहे. मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणाऱ्या तराजूवर झाकणाची छोटी बाटली ठेवून शून्य करायचं. पिपेट २० वर लावून पाणी दहा वेळा सोडायचं आणि लगेच झाकण लावून वजन घ्यायचं. दहा वेळा २० म्हणजे २०० मायक्रोलिटर, आणि या तापमानाला पाण्याचं वजन १९९ मिलिग्रॅमच्या जवळ असायला हवं.

पिपेट तीच होती, १० ते १०० मायक्रोलिटरची. तिने दहा वेळा सोडलं: २८३ मिलिग्रॅम. एका वेळेला साधारण साडेअठ्ठावीस मायक्रोलिटर. मग ६० वर लावून पाच वेळा: ३४० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळेला ६८.४. दोन्हीकडे जादा तेवढंच, साडेआठच्या आसपास. मग तीच पिपेट मी घेतली. २० वर दहा वेळा १९९ मिलिग्रॅम, ६० वर पाच वेळा २९८. पिपेट बरोबर होती.

"आता कशी भरतेस ते दाखव," म्हटलं.

तिने बटण खालपर्यंत, अगदी दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबलं, टिप बुडवली, बटण सोडलं, आणि नळीत सोडताना पुन्हा दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबलं.

नेहमीच्या पद्धतीत पहिल्या स्टॉपपर्यंत दाबून भरायचं आणि सोडताना दुसऱ्या स्टॉपपर्यंत जायचं, म्हणजे टिपेत अडकलेला शेवटचा थेंबही निघतो. दुसरा स्टॉप त्यासाठीच आहे. दुसऱ्या स्टॉपपासून भरलं तर दोन स्टॉपमधलं जादा आकारमानही टिपेत येतं. या पिपेटचं ते साडेआठ होतं. दुसऱ्या बनावटीच्या पिपेटचं वेगळं असेल. महत्त्वाचं हे की पिपेट कितीवर लावली आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. १० ला तेवढंच जादा, ६० लाही तेवढंच. म्हणूनच रेषेचा उतार शाबूत राहिला आणि ती फक्त सरकली.

पण ती असं का करत होती? निष्काळजी मुलगी नव्हती ती. विचारल्यावर कळलं की मागच्या सत्रात ग्लिसरॉल भरताना एका सीनियरने तिला उलटी पिपेटिंग शिकवली होती. दाट किंवा फेसाळ द्रावणासाठी ती योग्यच पद्धत आहे: दुसऱ्या स्टॉपपासून भरायचं आणि सोडताना फक्त पहिल्या स्टॉपपर्यंत दाबायचं. जादा द्रावण टिपेतच राहतं आणि टिपेबरोबर फेकलं जातं. बीएसए फेसाळतं म्हणून तिने इथेही तीच वापरली. फक्त दुसरा अर्धा भाग जुन्या सवयीने झाला. भरणं उलट्या पद्धतीचं आणि सोडणं नेहमीच्या पद्धतीचं. दोन्ही पद्धती वेगवेगळ्या बरोबर आहेत, एकमेकींत मिसळल्या की चूक.

तीन-तीन नळ्या इतक्या जुळत का होत्या, तेही इथे उलगडलं. एकच अंगठा, एकच सवय. प्रत्येक वेळी चूक सारखीच, त्यामुळे नळ्या आपसात जुळणारच. पुनरावृत्तीने विखुरलेल्या चुका दिसतात: टिपेच्या बाहेर लटकलेला थेंब, सैल बसलेली टिप, पिपेट आडवी धरल्याने कमीजास्त भरणं, नळीच्या काठावरच राहिलेला नमुना. अशा चुकांनी तीनपैकी एखादी नळी वेगळी पडते आणि डोळ्यात येते. एकसारखी चूक तीन काय, दहा वेळा केली तरी दिसत नाही.

अर्धा तास तिने नुसत्या पाण्याचा सराव केला. पाच-सहा खेपांनंतर २० वरचं दहा वेळेचं वजन १९७ ते २०० मिलिग्रॅममध्ये येऊ लागलं. मग पूर्ण चाचणी.

या वेळी दोन छोट्या गोष्टी बदलल्या. फ्रिजमधला रंग आधी अर्धा तास बाहेर ठेवला. आदल्या दिवशी तो थंडच घातला होता आणि क्युव्हेटवर धुकं येत होतं. आणि रंग घालायची व ओडी घ्यायची वेळ एकाच लयीत ठेवली, दर नळीला अर्धा मिनिट, त्याच क्रमाने. निळाई दोन मिनिटांत येते आणि तासभर बऱ्यापैकी टिकते, पण ३० नळ्यांत पहिली आणि शेवटची यांच्यात पंधरा मिनिटांचं अंतर पडतं. लय ठेवली की प्रत्येक नळीला सारखाच वेळ मिळतो. क्युव्हेट काचेची, क्वार्ट्झला हा रंग चिकटून बसतो.

निष्पत्ती

स्टँडर्डची ओडी ०.०९२, ०.१८१, ०.२७०, ०.३५७, ०.४४४ आणि ०.५२९ आली. ब्लँक शून्य. या वेळी ब्लँक धरूनच सातही बिंदूंची रेषा काढली. पत्रकाच्या पहिल्या स्तंभात मायक्रोग्रॅम, दुसऱ्यात ओडी:

```
=SLOPE(B2:B8,A2:A8)
=INTERCEPT(B2:B8,A2:A8)
=RSQ(B2:B8,A2:A8)
```

उतार ०.००८८१, छेद ०.००३, आर स्क्वेअर ०.९९९९. ब्लँक काढून टाकलेल्या आदल्या दिवसाच्या रेषेचंही हेच होतं, चौथ्या अंकापर्यंत. उतारही जवळपास तोच. वेगळा होता तो फक्त छेद: ०.०७६ च्या जागी ०.००३.

अर्काच्या नळ्या ०.१४५, ०.२८४ आणि ०.४२७. पहिलीचा हिशेब: ०.१४५ वजा ०.००३ म्हणजे ०.१४२, भागिले ०.००८८१ म्हणजे १६.१ मायक्रोग्रॅम, भागिले १० मायक्रोलिटर म्हणजे १.६१. दुसरीतून १.५९, तिसरीतून १.६०. सरासरी १.६०.

आदल्या दिवशीचा १.९१ हा आकडा खऱ्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त होता. तो भाजकात गेला असता तर अमायलेजची विशिष्ट क्रियाशीलता १६ टक्क्यांनी कमी दिसली असती. त्याहून वाईट म्हणजे मोडाच्या वेगवेगळ्या दिवशी ही चूक वेगवेगळी पडली असती. अर्काची संहती नेमकी बीएसएएवढी, म्हणजे मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असती, तर स्टँडर्डमधलं जादा आणि अर्कातलं जादा एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर बरोबर येतं. दाट अर्क आणखी दाट दिसतो, पातळ अर्क आणखी पातळ. म्हणजे पहिल्या आणि पाचव्या दिवसातला फरक फुगून दिसला असता, आणि तोच तर तिच्या प्रकल्पाचा निष्कर्ष होता. तिने जुन्या तीन दिवसांचे गोठवून ठेवलेले अर्क पुन्हा मोजले. त्यासाठी नवीन रंग करावा लागला आणि प्रबंध दोन दिवस उशिरा गेला.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या बाजूची चूक आधी. आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत स्टँडर्ड कर्व्हला गुण होते ते आर स्क्वेअर पाहून. मुलांनी ब्लँक काढून आर स्क्वेअर वाढवायला शिकणं हे आमच्याच गुणपद्धतीने शिकवलं होतं. आर स्क्वेअर एवढंच सांगतो की बिंदू एका रेषेवर आहेत. रेषा योग्य जागी आहे का, हे छेद सांगतो. आता वहीत छेद उताराने भागून येणारा आकडा लिहावा लागतो. तो सर्वात लहान स्टँडर्डच्या दहाव्या भागाहून मोठा असेल तर कारण लिहायचं. तिच्या पहिल्या रेषेत तो आकडा १० मायक्रोग्रॅमच्या स्टँडर्डसमोर ८.५ होता, एवढा ढळढळीत, तरी कुणी पाहिला नव्हता.

अज्ञात नमुना कधीही एकाच आकारमानात घेत नाही. निदान दोन, शक्यतो तीन. तिने फक्त २० मायक्रोलिटरच्या तीन नळ्या केल्या असत्या तर १.८६, १.८६, १.८५ असं काहीतरी आलं असतं आणि मीही सही केली असती.

पाण्याच्या वजनाची तपासणी सत्राच्या सुरुवातीला व्हायला हवी होती, प्रत्येक विद्यार्थ्याची, त्याच्या स्वतःच्या हाताने. पिपेट दुरुस्तीला पाठवून कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र आणलं तरी त्यात अंगठा तपासला जात नाही. तिची पिपेट प्रमाणपत्रात उत्तीर्णच होती.

एक गोष्ट मात्र या दुरुस्तीनेही सुटत नाही. ब्रॅडफर्डचा रंग आर्जिनिनकडे जास्त ओढला जातो आणि बीएसए या रंगाला बहुतेक प्रथिनांपेक्षा जास्त उठाव देतं. ज्वारीच्या अर्कातली प्रथिनं तेवढाच उठाव देतील असं नाही. उठाव कमी असेल तर प्रत्यक्षातलं प्रथिन १.६० पेक्षा जास्त असू शकतं. हाताने कितीही अचूक भरलं तरी हा फरक राहणार. प्रकल्पात सगळे दिवस एकाच मापाने मोजले असल्यामुळे तुलना टिकते, पण दुसऱ्या कुणी वेगळ्या पद्धतीने काढलेल्या आकड्याशी ती थेट करता येत नाही. म्हणून प्रबंधातल्या तक्त्याच्या शीर्षकात तिने "प्रथिन" च्या पुढे दोन शब्द जोडले: "बीएसए-तुल्य, मिग्रॅ/मिलि".